आलेला पैसा पुढे कुठे गेला?

लातूर आणि नांदेड जिल्ह्यांतल्या शेतकरी उत्पादक कंपन्यांचे प्रकल्प अहवाल तयार करणं हे माझं काम. सोयाबीन, तूर, केळी यांच्यावर प्रक्रिया करणाऱ्या या कंपन्यांच्या बैठकीत शेवटच्या पानावरचा एकच आकडा आधी विचारला जातो: आयआरआर किती? म्हणजे अंतर्गत परतावा दर. त्याच्या शेजारी एमआयआरआर, म्हणजे सुधारित अंतर्गत परतावा दर, मी आग्रहाने का मांडतो, ते इथे सांगतो. उदाहरणांतले आकडे समजण्यासाठी सोपे करून घेतलेले आहेत.

१. आयआरआर फक्त अडकलेल्या रकमेबद्दल बोलतो.

४० लाखांची डाळमिल धरा. बाहेरची तूर भाड्याने भरडून दिली, तर पहिल्या वर्षापासून पैसा येतो. पुढे यंत्राची झीज होते, आजूबाजूला नव्या मिल उभ्या राहतात आणि उत्पन्न उतरतं. पाच वर्षांत २०, १६, १२, ८ आणि ४ लाख हाती आले, तर आयआरआर सुमारे २०.३ टक्के निघतो.

पहिल्या वर्षी ४० लाखांवर २०.३ टक्क्यांनी ८.१ लाख झाले. हाती आले २० लाख, त्यामुळे मिलमध्ये अडकलेली रक्कम २८.१ लाखांवर आली. दुसऱ्या वर्षाअखेर ती १८ लाखांच्या आत जाते. २०.३ टक्के खरेच आहेत, पण या घटत्या रकमेवर. बाहेर पडलेल्या ३६ लाखांचं पुढे काय झालं, ते आयआरआर सांगत नाही.

२. ‘४० लाख पाच वर्षं २० टक्क्यांनी वाढले’ असं वाचलं, की गृहीतक आत शिरतं.

आयआरआर काढताना पुनर्गुंतवणुकीचा दर कुठेच लागत नाही. पण तो आकडा पूर्ण पाच वर्षांचा वाढीचा दर म्हणून वाचला, किंवा त्यावरून दोन प्रकल्पांत निवड केली, तर दरवर्षी आलेला पैसा पुन्हा २०.३ टक्क्यांनीच कामाला लागतो असं आपण न बोलता मानतो. तसं खरंच घडलं, तर ४० लाखांचे पाच वर्षांत एक कोटी होतील. तोच पैसा ७ टक्क्यांनी ठेवला, तर ७२.१ लाख होतात. ४० चे ७२.१ होण्यासाठी वर्षाला साधारण १२.५ टक्के वाढ लागते. हाच डाळमिलचा एमआयआरआर.

आता त्याच ४० लाखांचं सोयाबीन बीजप्रक्रिया केंद्र घ्या. बीजोत्पादक शेतकरी जोडायला वेळ लागतो, म्हणून पैसा उशिरा येतो: ६, १०, १४, १८ आणि शेवटी, यंत्रांची उरलेली किंमत धरून, २६ लाख. आयआरआर १९.३ टक्के, म्हणजे डाळमिलपेक्षा कमी. पण ७ टक्क्यांच्या पुनर्गुंतवणुकीने पाचव्या वर्षाअखेर ८१.४ लाख जमतात आणि एमआयआरआर १५.३ टक्के येतो. क्रम उलटला. डाळमिलने पैसा लवकर मोकळा केला होता, पण तो मोकळा पैसा ७ टक्क्यांवर बसून राहिला.

३. पुनर्गुंतवणुकीचा दर कंपनीच्या वर्षचक्रातून काढावा.

हा ७ टक्के कुठून आला, असं संचालकांनी विचारलंच पाहिजे. सोयाबीनची आवक दिवाळीच्या आगेमागे, तुरीची संक्रांतीनंतर. त्या हंगामात खरेदीसाठी कंपनी बँकेची कॅश क्रेडिट उचलते. व्याज ११ टक्के असेल, तर शिल्लक पैसा तिथे वापरून ११ टक्के वाचतात, म्हणून पुनर्गुंतवणुकीचा दर ११ लिहावा, असं चटकन वाटतं. पण ती उचल वर्षातले सहा महिनेच असेल, तर वर्षाची बचत साडेपाच टक्के. उरलेले सहा महिने पैसा बँकेच्या अल्पमुदत ठेवीत ३ टक्क्यांनी पडून राहिला, तर आणखी दीड टक्का. बेरीज ७.

उचल बारा महिने असणाऱ्या कंपनीला ११ टक्के शोभतो. तेव्हा डाळमिलचा एमआयआरआर १४.८ आणि बीजकेंद्राचा १६.५ होतो. दर कोणताही धरा, दोन्ही प्रकल्पांना तोच लावा आणि त्याचं कारण अहवालात एका ओळीत लिहा.

४. मधल्या वर्षी खर्च आला, तर दुसरा दरही महत्त्वाचा.

एमआयआरआरला दोन दर द्यावे लागतात: आधी कर्जाचा, मग पुनर्गुंतवणुकीचा. रकमा B2 ते B7 मध्ये असतील, तर एक्सेलमध्ये असं लिहायचं:

```
=IRR(B2:B7)
=MIRR(B2:B7, 11%, 7%)
```

वरच्या दोन्ही प्रकल्पांत खर्च एकदाच, सुरुवातीला आहे, म्हणून ११ च्या जागी ९ टाकलं तरी उत्तर तेच येतं. अर्धापूरच्या केळीत तसं नाही. पहिलं पीक आणि खोडवा घेतल्यावर बाग मोडून नवी लागवड करावी लागते आणि त्या वर्षी हिशेब उणे जाऊ शकतो. समजा, तिसऱ्या वर्षी ४ लाख उणे आले. एमआयआरआर ते ११ टक्क्यांनी मागे आणून आजचे २.९ लाख धरतो आणि सुरुवातीच्या गुंतवणुकीत मिळवतो. रकमांची चिन्हं अशी एकाहून जास्त वेळा पालटली, की आयआरआरची एकाहून जास्त उत्तरं निघू शकतात. एमआयआरआरचं उत्तर एकच येतं.

५. दोन्ही प्रकल्पांची वर्षं सारखी करून घ्यावीत.

डाळमिल पाच वर्षांची आणि गोदाम दहा वर्षांचं असेल, तर त्यांचे एमआयआरआर शेजारी ठेवून निवड करू नये. डाळमिलचे ७२.१ लाख पुढची पाच वर्षं ७ टक्क्यांनी ठेवले, तर १०१ लाख होतात आणि एमआयआरआर १२.५ वरून ९.७ वर येतो. मुदत लांबेल तसा हा आकडा पुनर्गुंतवणुकीच्या दराकडे सरकत जातो. म्हणून एमआयआरआर सांगताना दर आणि वर्षं दोन्ही सांगावीत. मूळ गुंतवणूकही सारखी हवी. १० लाखांवरचे १८ टक्के आणि ४० लाखांवरचे १५ टक्के यांत जास्त रुपये दुसऱ्याकडून येतात, आणि एमआयआरआरच्या आकड्यात ते दिसत नाही.

६. निर्णय कोणत्या दराला पालटतो, ते शोधावं.

पुनर्गुंतवणुकीचा दर शेवटी अंदाजच असतो. त्यावर वाद घालण्यापेक्षा मी तो वाढवत नेतो आणि दोन्ही प्रकल्पांची शेवटची रक्कम कुठे सारखी होते ते पाहतो. इथे ती सुमारे साडेसतरा टक्क्यांना सारखी होते. त्याखाली बीजकेंद्र पुढे, त्यावर डाळमिल पुढे. मग बैठकीत विचारायचा प्रश्न सोपा होतो: डाळमिलमधून दरवर्षी सुटणारा पैसा आपण साडेसतरा टक्क्यांहून जास्त कमाईच्या कामात लगेच लावू शकतो का? दुसऱ्या हंगामासाठी यंत्र घ्यायचं ठरलेलं असेल आणि त्यातून तेवढी कमाई दिसत असेल, तर डाळमिल घ्यावी. तसं काम हाताशी नसेल, तर आयआरआरमधला तो एक टक्का जास्त दिसला, तरी बीजकेंद्रच घ्यावं.