इतिवृत्तावरील सही आणि सविनय नकार

सहकारी संस्थेच्या संचालक मंडळाच्या सभेत कार्यक्रमपत्रिकेवरील पहिला विषय बहुधा ठरलेला असतो: ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे’. सचिव इतिवृत्त भराभर वाचून दाखवितात, कोणी तरी ‘कायम’ म्हणतो, प्रोसिडिंग बुक हातोहात फिरते आणि सह्या होऊन सभा पुढच्या विषयाकडे वळते. दोन-चार मिनिटांच्या या कामात संचालकाच्या स्वतःच्या जबाबदारीचा प्रश्न गुंतलेला असतो, हे मात्र पुष्कळांच्या ध्यानी येत नाही. प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्यामुळे सहकाराच्या इतिहासात ज्याचे नाव अग्रभागी आले, त्या अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्यात गावोगावी सेवा संस्था, दूध संस्था व पतसंस्था आहेत. तेथील संचालकांना हा प्रश्न केव्हाही पडू शकतो.

प्रथम एक भेद स्पष्ट करून घेतला पाहिजे. इतिवृत्त कायम करणे म्हणजे त्यातील निर्णयाला पुन्हा संमती देणे नव्हे. सभेत जे घडले तेच येथे लिहिले आहे, एवढीच ग्वाही त्या सहीने दिली जाते. म्हणून निर्णय आपल्याला पसंत नाही, या कारणाने सही नाकारणे योग्य नाही. विरोध करणाऱ्याचा विरोध इतिवृत्तात नीट नोंदला असेल, तर त्यानेही सही करावी. नोंदच घडल्याप्रमाणे नसेल, तरच नकाराला आधार राहतो.

या नोंदीला एवढे महत्त्व का, हे महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या सुधारित कलम ७३ वरून कळते. समितीच्या निर्णयांबद्दल सर्व सदस्य संयुक्तपणे व वैयक्तिकपणे जबाबदार असतात. तथापि, एखाद्या ठरावाशी असहमत असलेल्या सदस्याने आपले भिन्न मत मांडले आणि ते इतिवृत्तात नोंदले गेले, तर त्या ठरावाची जबाबदारी त्याच्यावर येत नाही. त्याची इच्छा असल्यास निर्णयाच्या तारखेपासून सात दिवसांच्या आत तो आपले भिन्न मत निबंधकांनाही लेखी कळवू शकतो. त्याचप्रमाणे जो सदस्य सभेला हजर नव्हता व ज्याने नंतर ते इतिवृत्त कायम केले नाही, तोही त्या कामकाजास जबाबदार धरला जात नाही. याचा अर्थ असा की, गैरहजर सदस्याने पुढच्या महिन्यात सहज म्हणून केलेली सही त्याचे हे संरक्षण घालवू शकते. आणि विरोध झाला असताना ‘सर्वानुमते’ असा शब्द लिहिला गेला, तर विरोध करणाऱ्याचा बचावच नोंदीतून नाहीसा होतो.

एक कल्पित उदाहरण घेऊ. एका गावच्या विविध कार्यकारी सेवा संस्थेची सभा १२ जूनला झाली. तेरा संचालकांपैकी अकरा हजर होते. विषय क्रमांक ४ गोदामाच्या छपराचे पत्रे बदलण्याचा होता. सभेत १,८५,००० रुपयांचे दरपत्रक वाचले गेले. दोन संचालकांनी आणखी एक दरपत्रक मागवावे, असे सांगून विरोध केला आणि नऊ विरुद्ध दोन मतांनी ठराव संमत झाला. १४ जुलैच्या सभेत इतिवृत्त वाचले गेले, तेव्हा त्यात रक्कम २,३५,००० रुपये होती, ठराव ‘सर्वानुमते’ मंजूर झाल्याचे लिहिले होते आणि ‘ऐनवेळचे विषय’ या सदरात ठेकेदारास ५०,००० रुपये उचल देण्याचा ठराव क्रमांक ७ होता. असा विषय सभेत निघालाच नव्हता.

असे घडण्याचे नेहमीचे कारण म्हणजे सभेच्या सुरुवातीस कोऱ्या पानावर हजेरीच्या सह्या घेऊन इतिवृत्त सवडीने मागाहून लिहिण्याची प्रथा. शेवटच्या ठरावाचे अक्षर दाटीचे असणे, रकमेवर दुबार गिरविलेले असणे, सूचक-अनुमोदकांची नावे नंतर भरलेली दिसणे, या त्याच्या खुणा होत. प्रत्येक वेळी यामागे लबाडीच असते असे नाही. कच्च्या टिपणावरून लिहिताना चूकही होते. म्हणूनच पत्रात हेतूविषयी एक शब्दही नसावा. उदाहरणातील संचालकाने पुढीलप्रमाणे लिहावे:

“मा. अध्यक्ष यांस, स. न. वि. वि. दिनांक १२ जूनच्या सभेस मी हजर होतो व हजेरीची सही माझीच आहे. त्या सभेचे इतिवृत्त आज वाचण्यात आले. पुढील तीन बाबींमुळे ते खरी नोंद म्हणून कायम करण्यास मी सही करू शकत नाही, याबद्दल क्षमस्व. (१) ठराव क्र. ४ मधील रक्कम २,३५,००० रुपये लिहिली आहे. सभेत वाचलेले दरपत्रक १,८५,००० रुपयांचे होते. (२) तोच ठराव सर्वानुमते झाल्याचे लिहिले आहे. मी व आणखी एका संचालकांनी विरोध केला होता. (३) ठराव क्र. ७ चा विषय सभेपुढे आला नाही. उर्वरित नोंदींबद्दल माझी हरकत नाही. वरीलप्रमाणे दुरुस्ती झाल्यास मी आनंदाने सही करीन. हे पत्र आजच्या इतिवृत्तास जोडावे, ही विनंती. कळावे, लोभ असावा.”

या पत्रात दरपत्रक महाग होते की स्वस्त, याची चर्चा नाही. तो वाद १२ जूनलाच संपला. प्रत्येक हरकतीला ठरावाचा क्रमांक आहे, आणि ती दरपत्रक, सभेची सूचना व हजर संचालकांचे सांगणे यांच्याशी ताडून पाहता येते. हजेरी मान्य केल्याने ‘तुम्ही तर सही केली आहे’ हे उत्तर उरत नाही. पत्राच्या दोन प्रती कराव्यात, एक संस्थेच्या आवक नोंदवहीत नोंदवून द्यावी आणि दुसरीवर आवक क्रमांक व तारखेसह पोच घ्यावी.

येथे एक खाचखळगा आहे. निबंधकांना भिन्न मत कळविण्याची सात दिवसांची मुदत निर्णयाच्या तारखेपासून, म्हणजे १२ जूनपासून धावते. इतिवृत्त महिन्याने वाचले जाते, तेव्हा ती मुदत केव्हाच उलटलेली असते. म्हणून विरोध असेल तर सभेतच ‘माझा विरोध नावानिशी लिहावा’ असे सांगावे आणि त्याच आठवड्यात तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे दोन ओळींचे पत्र पाठवावे. इतिवृत्तावरील हरकत ही त्या पत्राची जागा घेऊ शकत नाही. ती त्याला पुष्टी देते.

पत्र मिळाल्यावर अध्यक्षांनी ते सभेत वाचावे व हजर असलेल्यांना एकेका बाबीविषयी विचारावे. दुरुस्ती मान्य झाल्यास मूळ मजकूर खोडून पुसू नये. तो वाचता येईल अशी एक रेघ ओढून शेजारी योग्य मजकूर लिहावा, त्यावर अध्यक्ष व सचिवांनी तारखेसह सही करावी आणि दुरुस्तीची नोंद चालू सभेच्या इतिवृत्तात घ्यावी. बहुमताने दुरुस्ती नाकारली, तर इतिवृत्त त्या सदस्याच्या सहीविना कायम होऊ शकते. पत्राने ठराव थांबत नाही, आणि केवळ पत्र आहे म्हणून त्यातील म्हणणे सिद्धही होत नाही. परंतु लेखापरीक्षणात नुकसान आढळून कलम ८८ खाली जबाबदारी निश्चित करण्याची चौकशी निघाली, तर तोवर काही वर्षे लोटलेली असतात. त्या वेळी ‘मला असे आठवते’ यापेक्षा १४ जुलैचा आवक क्रमांक असलेला कागद अधिक बोलका ठरतो.