निवृत्ती खाते : निधी व्यवस्थापक निवडताना वार्षिक खर्च तपासा

राष्ट्रीय पेन्शन प्रणाली (एनपीएस) १ मे २००९ पासून सर्व नागरिकांसाठी खुली झाली. खाते उघडताना आपला पैसा गुंतवणारा निधी व्यवस्थापक निवडावा लागतो. त्याचे शुल्क दरवर्षी जमा रकमेवर टक्केवारीने कापले जाते. हे शुल्क युनिटच्या भावातूनच वजा होते, म्हणून खातेउताऱ्यात ते वेगळे दिसत नाही. खाते सांभाळण्याचा ठराविक रुपयांतील आकार मात्र युनिटे कमी करून घेतला जातो व उताऱ्यात दिसतो.

नेहमीच्या एनपीएस योजनांत व्यवस्थापनाचे शुल्क शंभर रुपयांमागे वर्षाला दहा पैशांच्या आसपास असते. १ ऑक्टोबर २०२५ पासून आलेल्या नव्या प्रकारच्या योजनांत एकूण वार्षिक खर्च तीस पैशांपर्यंत असू शकतो. एजंटामार्फत घेतलेल्या काही म्युच्युअल फंड निवृत्ती योजनांत तो एक रुपयाहून अधिक असतो.

हा फरक किती वाढतो ते पाहू. समजा, रिठद (जि. वाशीम) येथील तीस वर्षांचा शेतकरी सोयाबीन विकल्यावर दर वर्षअखेर १२,००० रुपये भरतो. खर्चापूर्वीचे उत्पन्न दरसाल दरशेकडा ९ रुपये धरू. बाजारात ते कमीजास्त होते, येथे केवळ हिशेबासाठी घेतले आहे. एका खात्याचा खर्च ०.१० टक्के, तर दुसऱ्याचा १.१० टक्के आहे.

दहा वर्षांनी दोन खात्यांतील फरक सुमारे ८,४०० रुपये होतो. वीस वर्षांनी तो ६४,००० होतो. तीस वर्षांनी पहिल्या खात्यात सुमारे १६ लाख ५ हजार, तर दुसऱ्यात १३ लाख ३५ हजार रुपये असतात. फरक २ लाख ७० हजारांचा, म्हणजे भरलेल्या ३ लाख ६० हजारांच्या पाऊणपट! कापलेला रुपया तर जातोच, शिवाय पुढील वर्षांत त्यावर मिळणारी वाढही जाते. खर्च तीस पैसे असता, तर पहिल्या खात्यापेक्षा सुमारे ५८,६०० रुपये कमी मिळाले असते.

निवड करताना एकाच प्रकारच्या योजनांची तुलना करावी. शेअर योजनेची तुलना सरकारी रोख्यांच्या योजनेशी करू नये. पाच व दहा वर्षांचा परतावा पाहावा. तो युनिटच्या भावावरून काढलेला असल्यास शुल्क आधीच वजा झालेले असते, ते पुन्हा वजा करू नये. मागील परतावा पुढे मिळेलच असे नाही, पण खर्च दरवर्षी कापला जाणारच. म्हणून परतावा सारखा असल्यास कमी खर्चाचा व्यवस्थापक घ्यावा.

खाते नवीन असताना ठराविक आकारही जड पडतो. १२,००० रुपयांवर १०० रुपये म्हणजे ०.८३ टक्के होतात. रक्कम वाढली की हा भार हलका होतो, टक्केवारीचा मात्र होत नाही. निवड चुकली असे वाटल्यास एनपीएसमध्ये वर्षातून एकदा व्यवस्थापक बदलता येतो. मात्र एका वर्षाच्या कमी परताव्यावरून बदल करू नये.