लाल आकड्यामागे धावू नकोस

नाशिक

चि. मुग्धास,


तुझं पहिलं टिपण वाचलं. बावीस शाखांच्या अहवालांचं तू तीन पानांत सार काढलंस, पण क्षेत्रीय प्रमुखांना सार नको असतं. या आठवड्यात आपण हात घातला नाही, तर कुठे बिघडेल, एवढंच त्यांना हवं असतं.

माझ्या वेळचं एक एप्रिलचं स्कोअरकार्ड सांगतो. लासलगावकडच्या शाखेच्या चालू ठेवी आठ कोटींनी घटल्या होत्या. सगळ्यात लाल आकडा तोच, म्हणून मी तो पहिला लिहिला. मालेगावच्या शाखेचं सगळं हिरवं होतं, म्हणून ती शेवटी. नंतर मागच्या एप्रिलचा कागद काढला, तर तेव्हाही ठेवी तितक्याच घटल्या होत्या. उन्हाळ कांदा बाजारात आला की व्यापारी शेतकऱ्यांना पैसे द्यायला खात्यातून रक्कम काढतात. तो अपवाद नव्हताच, हंगाम होता. मार्चशी नव्हे, गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी ताडून बघ.

मालेगावच्या अहवालात मात्र एक वाक्य होतं : ‘दोन यंत्रमागधारकांशी बोलणी सुरू आहेत.’ मागचे दोन अहवाल काढले, तर हेच वाक्य, शब्दही न बदलता. जे वाक्य तीन महिने हलत नाही, त्याच्यामागचं खातंही बहुधा हललेलं नसतं. थकबाकीची यादी मागवली. दोन मुदत कर्जं, मिळून पंचाहत्तर लाख, एकाचे 74 दिवस झालेले आणि दुसऱ्याचे 68. नव्वद ओलांडले की खातं एनपीए. तोवर सगळ्यात जुना हप्ता भरला तरी दिवस मागे येतात. एकदा एनपीए झालं की सगळी थकबाकी भरल्याशिवाय खातं परत नियमित होत नाही. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर 2021मध्ये हे स्पष्टच केलंय. म्हणून रक्कम किती यापेक्षा दिवस किती उरले यावर क्रम लाव, आणि दिवस सारखे असतील तेव्हा रक्कम बघ.

पाठपुरावा ‘वसुलीवर लक्ष द्यावे’ असा लिहू नकोस. असा लिही : ‘वसुली अधिकारी व शाखा व्यवस्थापक यांनी गुरुवारपर्यंत दोन्ही कारखान्यांना भेट द्यावी, माग चालू आहेत का ते पाहावे, पहिल्या खात्याचा जुना हप्ता सोळा दिवसांत यावा.’ हप्ता आला, तर तो कुठून आला तेही तपास. त्याच शाखेने नवं कर्ज देऊन जुना हप्ता भरून घेतला असेल, तर आकडा हिरवा होतो आणि खातं तसंच आजारी राहतं.

आणखी एक. व्यवस्थापकाने लिहिलेलं आणि तुझा अंदाज एकाच वाक्यात मिसळू नकोस. ‘शाखा म्हणते’ आणि ‘मला वाटते’ वेगळं ठेव; साहेब फोन करतील तेव्हा व्यवस्थापकाच्या तोंडी तुझा अंदाज जाता कामा नये.

पाचाच्या वर अपवाद नकोत. उरलेल्या सतरा शाखांची नावं खाली एका ओळीत दे, म्हणजे त्याही तू वाचल्यास हे साहेबांना कळेल. पुढचं टिपण सोमवारी पाठवायच्या आधी मला दाखव.

तुझा
मामा