खातं नव्हे, मशीन शोधायला सांगा

शुक्रवारी संध्याकाळी पावणेआठच्या सुमाराला अंबरनाथला माल पोचवून मी बदलापूरला घरी निघाले होते. पर्समध्ये 38,500 रुपये रोख. सोमवारी दुकानाच्या कर्जाचा हप्ता खात्यातून कापला जाणार होता आणि शनिवार बँकेला सुट्टीचा. बदलापुरातलं आमच्या बँकेचं मशीन आठवडाभर बंद होतं, म्हणून स्टेशनजवळच्या ई-लॉबीत पैसे भरूनच गाडी पकडायची असं ठरवलं. तिथे पैसे भरायची दोन मशीनं शेजारीशेजारी होती. मी डावीकडच्या मशीनसमोर उभी राहिले.

स्क्रीनवर मोजणी बरोबर आली: 500 च्या 70, 200 च्या 17 आणि 100 ची एक. मी होकाराचं बटण दाबलं. आत नोटा सरकल्याचा खडखडाट झाला आणि मग स्क्रीनवर थांबण्याची सूचना तशीच राहिली. मिनिटभराने स्लिप बाहेर आली. तिच्यावर रक्कम होती, व्यवहार क्रमांकही होता, पण तळाशी UNABLE TO PROCESS आणि RESP CODE 91. नोटा परत आल्या नाहीत. खात्यातही काही पडलं नाही.

माझी पहिली चूक तिथेच झाली. ‘येतील रात्रीपर्यंत’ म्हणत स्लिप चुरगाळून पर्समध्ये टाकली आणि गाडी पकडली.

दुसरी चूक शनिवारी. कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरवर फोन लावला आणि घाईघाईत एटीएमच्या तक्रारीचा पर्याय दाबला. पुढच्या माणसाने खातं तपासलं. ‘मॅडम, तुमच्या खात्यातून कोणतीही रक्कम वजा झालेली नाही,’ तो म्हणाला. खरंच होतं ते! माझं दुखणं वजा झाल्याचं नव्हतं, जमा न झाल्याचं होतं. पण तक्रार ‘एटीएममधून पैसे निघाले नाहीत’ या खान्यात नोंदली गेली आणि मंगळवारी सकाळी ‘व्यवहार आढळला नाही’ म्हणून बंद झाल्याचा मेसेज आला. मधल्या सोमवारी जाऊबाईंकडून पैसे घेऊन हप्ता निभावला. बदलापूरच्या शाखेत गेले तर तिथेही माझं खातं उघडून दाखवलं गेलं, म्हणजे ज्या वहीत नोंदच झाली नाही तीच वही सगळे पुनःपुन्हा उघडत होते.

हे मला उमगलं गजानन मार्केटमध्ये. थोडी उधारी द्यायची राहिली होती, ती का लांबली हे शेठना सांगायला गेले. ते रोज मशीनमध्ये गल्ला भरणारे. त्यांनी चुरगाळलेली स्लिप टेबलावर सपाट केली आणि म्हणाले, “ताई, खात्यात काय शोधताय? खात्याला तर पैसे आल्याचं कळलंच नाही. मशीन शोधायला सांगा. मशीनला सगळं माहीत असतं.”

आत काय घडतं ते थोडक्यात असं. मोजलेल्या नोटा आधी एका तात्पुरत्या कप्प्यात थांबतात, म्हणून होकार देईपर्यंत त्या परत मिळू शकतात. होकार दिला की त्या पेटीत जातात आणि मशीन खात्याच्या यंत्रणेकडे जमा करण्याचा संदेश पाठवतं. नेमकं तेव्हा जोडणी तुटली, तर नोटा पेटीत आणि संदेश अधांतरी. 91 हा आकडा सर्वसाधारणपणे तेच सांगतो की पलीकडची यंत्रणा उत्तर देत नाही. 00 असेल तर व्यवहार पार पडला. मशीन मात्र प्रत्येक हालचाल स्वतःच्या नोंदवहीत टिपून ठेवतं. बँकेत तिला ईजे म्हणतात, म्हणजे इलेक्ट्रॉनिक जर्नल. पेटी उघडून रोकड मोजतात तेव्हा खात्यांत जमा झालेल्या रकमेपेक्षा हातातली रोकड जास्त भरते. माझे 38,500 त्या जास्तीच्या रकमेत बसले होते.

ती रक्कम माझी आहे हे दाखवायचं साधन म्हणजे स्लिप. तिच्यावरच्या चार गोष्टी कामाच्या असतात: टर्मिनल आयडी, तारीख आणि वेळ, व्यवहार क्रमांक, आणि कोणत्या नोटा किती. खाते क्रमांकाचे शेवटचे चारच आकडे छापलेले असतात. शेजारी दोन मशीनं असली तर डावं-उजवं सांगून भागत नाही, टर्मिनल आयडीच लागतो. नोटांची फोड मला निरर्थक वाटली होती, पण 70, 17 आणि 1 हा हिशेब ईजेमधल्या नोंदीशी जुळला की वाद उरत नाही.

मंगळवारी दुपारी मी अंबरनाथच्या त्या शाखेत गेले, जिच्या ताब्यात ते मशीन आहे. माझी शाखा बदलापूरची असली तरी पेटीची किल्ली अंबरनाथकडे. साध्या कागदावर अर्ज लिहिला: ‘अमुक तारखेला अमुक वेळी, टर्मिनल आयडी अमुक, व्यवहार क्रमांक अमुक, 38,500 रुपये मशीनने स्वीकारले, खात्यात जमा नाहीत. ईजे आणि रोकड पडताळून भरणा केल्याच्या तारखेपासून जमा करावेत. त्या वेळचं सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवावं.’ सोबत स्लिपची झेरॉक्स आणि त्या तारखेपासूनचा खातेउतारा जोडला. दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का मारून घेतला. मूळ स्लिप मी कुणाच्या हातात दिली नाही.

त्या स्लिपबद्दल एक सांगायलाच हवं. तो थर्मल कागद असतो, उष्णतेवर छपाई होणारा. मी शहाणपणाने तिला लॅमिनेशन करायला निघाले होते, झेरॉक्सवाल्या पोराने अडवलं. लॅमिनेशनच्या उष्णतेने अख्खी स्लिप काळी पडते. नुसती ठेवली तरी काही महिन्यांत अक्षरं विरतात, पर्समध्ये सॅनिटायझर सांडलं तर त्याआधीच. म्हणून मशीनपाशी उभं असतानाच फोटो काढायचा. स्लिप निघालीच नाही, तर मशीनवर चिकटवलेल्या आयडीचा आणि स्क्रीनचा फोटो घ्यायचा. मशीन चालू झालं तर त्याच मशीनवर शिल्लक पाहून पावती काढली तरी वेळ आणि आयडी हाती लागतो.

स्लिपवर व्यवहार यशस्वी दिसतो आणि तरीही पैसे नाहीत, हे प्रकरण वेगळं. कार्डाशिवाय खाते क्रमांक टाकून भरलेले पैसे एखादा आकडा चुकल्याने दुसऱ्याच्या खात्यात गेलेले असू शकतात. तिथे ईजेचा उपयोग नाही, त्या खातेदाराची संमती लागते.

शाखेतल्या मॅडमनी बुधवारी पेटी मोजल्याचं फोनवर कळवलं आणि गुरुवारी पैसे जमा झाले. इतकं लवकर व्हायचं कारण म्हणजे रोजमेळात बरोबर तेवढीच रक्कम जास्त आली होती. त्याच दिवशी आणखी कुणाचे पैसे अडकले असते, तर नोंदी वेगळ्या काढण्यात दिवस गेले असते.

दिवसाला 100 रुपये भरपाई मिळते असं मला दोघातिघांनी सांगितलं. रिझर्व्ह बँकेच्या 20 सप्टेंबर 2019 च्या परिपत्रकात ती आहे, पण एटीएमच्या बाबतीत तिथे फक्त खात्यातून वजा होऊन रोख न निघाल्याचा प्रकार दिलाय. मशीनमध्ये भरलेली रोख जमा न होण्याचा प्रकार त्या तक्त्यात नाही. म्हणून त्या नियमावर हुज्जत घालण्यापेक्षा अर्जातच जमा-तारीख मागणं आणि हप्ता परत गेला असेल तर त्याचा दंड माफ करण्याची मागणी करणं बरं. बँकेने 30 दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा नाकारलं, तर cms.rbi.org.in वर लोकपालाकडे जाता येतं. तिथेही आवक शिक्क्याची प्रतच आधी लागते.

पासबुक छापून घेतलं तेव्हा 38,500 समोर तारीख गुरुवारची होती. मी पुन्हा काउंटरवर गेले आणि अर्जातली ती ओळ बोटाने दाखवली.