सादरीकरणातून बायोडाटाकडे

कल्याणहून कर्जतकडे निघालेल्या लोकलमध्ये विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही स्थानके एकामागून एक येतात. सकाळच्या पाळीला उतरणाऱ्या गर्दीत यंत्रावर काम करणारे कुशल कामगार, सुपरवायझर व तपासनीस पुष्कळ असतात. अंबरनाथ व बदलापूर येथील औद्योगिक वसाहतींतील लहानमोठ्या कारखान्यांत यांपैकी अनेकांनी दहा-पंधरा वर्षे काढलेली आहेत. एखादा कारखाना स्थलांतरित होतो, किंवा एखादे खाते बंद पडते, आणि चाळिशीतील मनुष्याला प्रथमच बायोडाटा लिहावयास बसावे लागते. पदवी नाही, आयटीआयचे प्रमाणपत्र तेवढे आहे. अशा वेळी केलेल्या कामाची नोंद हीच त्याची खरी पुंजी ठरते.

ही नोंद पुष्कळदा त्याच्याजवळ तयार असते, परंतु ती बायोडाटाच्या रूपात नसते. जपानमध्ये 1962 साली सुरू झालेली गुणवत्ता मंडळांची चळवळ 1980 च्या सुमारास भारतात आली. हैदराबाद येथील भेल कारखान्यात तिची सुरुवात झाली आणि 1982 साली क्वालिटी सर्कल फोरम ऑफ इंडिया ही संस्था स्थापन झाली. तेव्हापासून अनेक कारखान्यांत पाच-सात कामगारांचा गट एखादी अडचण निवडतो, तिची कारणे शोधतो, उपाय करून पाहतो आणि शेवटी वरिष्ठांपुढे स्लाइडच्या साहाय्याने सर्व हकिगत मांडतो. वार्षिक मूल्यमापनासाठीही आता अशाच स्लाइड मागविल्या जातात. तीन-चार वर्षांच्या अशा स्लाइड एकत्र केल्या की चाळीस-पन्नास पाने सहज होतात. बायोडाटात मात्र त्यांतून चार किंवा पाच ओळीच जावयाच्या असतात.

स्लाइड आणि ओळ यांतील फरक

सादरीकरणाची रचना हकिगतीची असते. अडचण कशी निवडली, माशाच्या काट्यासारख्या आकृतीत कारणे कशी मांडली, कोणता उपाय पसंत केला, हे क्रमाने येते आणि फळ सर्वांत शेवटी दिसते. बायोडाटा वाचणारा मनुष्य ओळीवरून क्षणभर नजर फिरवितो. त्याला फळ प्रथम हवे असते, मग ते कशाने मिळाले हे हवे असते, आणि अडचणीची कथा त्याला मुळीच नको असते. म्हणून स्लाइड पहिल्या पानापासून वाचीत न बसता शेवटून वाचाव्यात. ‘पूर्वी आणि नंतर’ असे शीर्षक असलेले पान आधी काढावे, त्यातील आकडा कागदावर उतरवावा आणि मगच मागे जाऊन तो आकडा कशाने बदलला ते शोधावे.

उदाहरणादाखल बदलापूरच्या औद्योगिक वसाहतीतील एक सुपरवायझर कल्पावा. सीएनसी लेथ विभागात तो काम करतो. त्याच्या गटाने सेटिंगचा वेळ कमी केला. एका प्रकारचा जॉब संपवून दुसरा चढविताना यंत्र सरासरी 70 मिनिटे थांबत असे. जॉब पकडणारे जबडे आणि लागणारी हत्यारे यंत्र थांबल्यावर शोधली जात, हे त्याचे कारण होते. गटाने प्रत्येक जॉबसाठी जबडे व हत्यारे आधीच ट्रॉलीत लावून ठेवण्याची पद्धत बसविली आणि वेळ 42 मिनिटांवर आला. शेवटच्या स्लाइडवर ‘वार्षिक बचत 1,68,000 रुपये’ असे ठळक अक्षरांत लिहिलेले आहे.

या सुपरवायझरचा पहिला मसुदा बहुधा असा होतो: ‘सेटिंगचा वेळ कमी करण्याच्या उपक्रमात सक्रिय सहभाग घेतला.’ या वाक्यात चूक काही नाही, पण त्यात माणूस दिसत नाही. चहा आणून देणाऱ्यानेही सहभाग घेतलेला असू शकतो. दुसऱ्या मसुद्यात आकडा येतो: ‘गटाच्या कामातून 1,68,000 रुपयांची बचत झाली.’ आता आकडा आहे, पण तो मुलाखतीत टिकेल काय?

रुपयांचा आकडा उलगडून पाहणे

महिन्यात साधारण 30 वेळा सेटिंग होते. प्रत्येक वेळी 28 मिनिटे वाचली, म्हणजे महिन्याला 840 मिनिटे, अर्थात 14 तास वाचले. वर्षाचे 168 तास झाले. यंत्राचा ताशी दर 1,000 रुपये धरून त्यांचे 1,68,000 रुपये केले गेले. गुणाकार बिनचूक आहे. तथापि वाचलेल्या तासांत यंत्र रिकामे उभे राहिले असेल तर कारखान्याला एक रुपयाही मिळालेला नाही. मुलाखत घेणारा जुना कारखानदार असेल तर तो नेमके हेच विचारतो.

म्हणून वाचलेले तास गेले कोठे, हे हजेरीच्या व पाळीच्या नोंदींतून शोधावे लागते. या उदाहरणात पूर्वी महिन्यातून 4 रविवारी जादा पाळी लावावी लागे. नंतर 2 रविवार पुरले. एका पाळीत यंत्र प्रत्यक्ष 7 तास चालते असे धरले तर दोन पाळ्यांचे 14 तास होतात, आणि ते वाचलेल्या वेळेशी जुळतात. हा पुरावा रुपयांच्या आकड्यापेक्षा भक्कम आहे, कारण त्यात कोणताही मानलेला दर नाही. तिसरा मसुदा आता असा होतो: ‘सीएनसी लेथवरील सेटिंगचा सरासरी वेळ 70 वरून 42 मिनिटांवर आणला, जबडे व हत्यारे ट्रॉलीत आधीच लावून ठेवण्याची पद्धत बसवली, महिन्याच्या 4 रविवार-पाळ्यांपैकी 2 बंद झाल्या.’

येथे क्रियापदांकडे लक्ष द्यावे. ‘आणला’ आणि ‘बसवली’ ही कर्त्याची कृत्ये आहेत. शेवटी मात्र ‘बंद झाल्या’ असे म्हटले आहे, ‘बंद केल्या’ असे नाही, कारण पाळी बंद करण्याचा निर्णय व्यवस्थापकाचा होता. जोरदार क्रियापद निवडणे म्हणजे सर्वांत मोठा शब्द निवडणे नव्हे. शेजारी उभ्या असलेल्या माणसाला त्या दिवशी या सुपरवायझरचे हात काय करताना दिसले असते, हे विचारले की क्रियापद सापडते. त्याने ट्रॉलीची रचना आखली, सेटिंगचे तक्ते लिहिले आणि 5 ऑपरेटरना ती पद्धत शिकवली. यांतील ‘आखली’, ‘लिहिले’, ‘शिकवले’ हे सर्व शब्द ‘सहभाग’, ‘जबाबदारी’ किंवा ‘करण्यात आले’ यांपेक्षा सरस आहेत. कल्पना मूळची दुसऱ्या सभासदाची असेल तर ओळीच्या आरंभी ‘6 जणांच्या गटात’ एवढे दोन शब्द घातल्याने काहीही उणे होत नाही. उलट पुढचे क्रियापद विश्वसनीय वाटते.

या पट्ट्यातील बहुतेक कंपन्या बायोडाटा इंग्रजीत मागवितात. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते, इंग्रजी ओळीत ते आरंभी येते. म्हणून भाषांतर करताना ‘रिड्यूस्ड’, ‘डिझाइन्ड’, ‘ट्रेन्ड’ असे शब्द ओळीच्या तोंडाशी आणावे लागतात. काही तयार नमुन्यांतून ‘स्पीअरहेडेड’सारखे भारी शब्द उचलले जातात. ज्या शब्दाचा अर्थ विचारल्यावर सांगता येत नाही, तो आपल्या बायोडाटात असणे धोक्याचेच.

आलेखातील फसगत

त्याच सादरीकरणात दुसरे एक पान आहे. बाद मालाचे प्रमाण शेकडा 6.4 वरून 2.4 वर आल्याचे त्यातील आलेख दाखवितो. ही उडी मोठी आहे, आणि मोह होतो तो येथेच. तपासणीची वही उघडल्यावर असे दिसते की 6.4 ही उपाय करण्यापूर्वीच्या तीन महिन्यांची सरासरी आहे, तर 2.4 हा नंतरच्या एका सर्वोत्तम आठवड्याचा आकडा आहे. त्या आठवड्यात सोपे जॉब लागले असतील, किंवा अनुभवी ऑपरेटर यंत्रावर असेल. तीन महिन्यांची तुलना तीन महिन्यांशीच केली पाहिजे. ती केल्यावर नंतरची सरासरी 3.2 निघते.

आता हाच आकडा दोन प्रकारे लिहिता येतो. प्रमाण निम्मे झाले, म्हणून ‘50 टक्के घट’ असे लिहिणे योग्य आहे. शंभर नगांमागे बाद होणारे नग 3.2 ने कमी झाले, हेही तितकेच खरे आहे. परंतु ‘3.2 टक्के घट’ असे लिहिले तर यश फारच किरकोळ वाटते, आणि नुसते ‘50 टक्के घट’ लिहिले तर कशाच्या पन्नास टक्के हे कळत नाही. म्हणून टक्केवारीचा खेळ सोडून दोन्ही टोके द्यावीत: ‘बाद मालाचे प्रमाण शेकडा 6.4 वरून 3.2 वर आणले, तीन महिन्यांच्या सरासरीने.’ आकडा लहान झाला, पण दुसऱ्या दिवशी कोणी जुन्या कारखान्यात चौकशी केली तरी तो हलणार नाही.

काय बाहेर न्यावे, काय नेऊ नये

स्लाइड कारखान्याच्या संगणकावर असतात आणि नोकरी सुटते त्या दिवशी तो संगणकही सुटतो. म्हणून आपल्या कामाचे आकडे आधीच स्वतःच्या वहीत उतरविलेले बरे. मात्र सादरीकरणाची प्रत घरी नेणे ही वेगळी बाब आहे. तिच्यात ग्राहकाचे नाव, जॉबचे ड्रॉइंग किंवा रासायनिक कारखान्यातील मिश्रणाचे प्रमाण असते, आणि ते कारखान्याच्या मालकीचे आहे. बायोडाटात ‘वाहन उद्योगातील एका ग्राहकासाठी’ एवढे म्हटले की पुरते. अंबरनाथच्या आयुध निर्माणीत काम केलेल्यांनी तर अधिक सावध राहावे. तेथील उत्पादनाच्या आकड्यांना 1923 चा शासकीय गुपिते अधिनियम लागू होऊ शकतो. अशा ठिकाणी किती नग तयार झाले हे लिहू नये. किती शिकाऊ कामगारांना शिकवले, किती वर्षे अपघाताविना पाळी चालवली, अशा स्वरूपाचा आकडा घ्यावा, आणि तोही खात्याला विचारून.

उल्हासनगरच्या जीन्स शिवणाऱ्या कारखान्यांत स्लाइड हा प्रकार सहसा नसतो. तेथील लाइन सुपरवायझरजवळ रोजची वही असते; किती नग उतरले आणि त्यांतले किती ‘ऑल्टर’ला परत गेले, हे तिच्यात लिहिलेले असते. त्या वहीतूनही ओळ निघते. एका महिन्यातील एकूण नग व परत आलेले नग मोजावेत, वर्षभरानंतरच्या त्याच महिन्याशी ते ताडून पाहावेत, कारण सणासुदीचा महिना आणि पावसाळ्याचा महिना यांत कामाचा वेग सारखा नसतो. फरक पडला असेल तर त्याचे कारण शोधावे. शिलाई यंत्राची सुई ठरलेल्या वेळी बदलण्याची सवय लावली की नवख्या कारागिराला आधी सरळ शिलाईवर बसवले, जे घडले असेल तेच क्रियापद होईल. फरक पडलाच नसेल तर त्या वहीतून दुसरी ओळ घ्यावी: 20 यंत्रांची लाइन सांभाळली असेल, तर ‘सांभाळली’ऐवजी ‘चालवली’ म्हणून 20 हा आकडा तसाच लिहावा.