सबवूफरची केबल: पैसे नावाचे की शील्डचे?

‘सबवूफर केबल’ या नावासाठी जादा पैसे मोजू नयेत, मोजायचेच तर शील्डसाठी मोजावेत, असं माझं मत आहे. ही केबल आणि साधी आरसीए केबल यांची घडण एकच असते: मधे सिग्नलची तार, भोवती शील्ड, टोकाला तोच प्लग. एलएफईचा सिग्नल १२० हर्ट्झच्या आतला. दहा मीटर साध्या केबलची कपॅसिटन्स १००० पिकोफॅरड आणि रिसीव्हरचा आउटपुट इम्पीडन्स १ किलोओहम धरला, तरी सिग्नल घटू लागतो तो १६० किलोहर्ट्झच्या आसपास. तिथून खर्ज फार लांब राहिला.

यावर कुणी म्हणेल, जाड केबल लावल्यावर घुंघुं कमी होते ती कशी? होते, पण कारण वेगळं आहे. शील्ड ही सिग्नलची परतीची वाटही असते. अर्थिंगमधून भटकणारा ५० हर्ट्झचा प्रवाह तिच्यातून गेला, की शील्डच्या रोधामुळे तयार होणारा व्होल्टेज सिग्नलमध्ये मिसळतो आणि सबवूफर तो इमानाने वाजवतो. शील्ड विरळ असेल तर रोध जास्त, म्हणून आवाजही जास्त. लांब अंतरासाठी दाट विणलेली शील्ड हवी ती यासाठी. जुन्या व्हिडिओची चांगली पिवळी केबलही हे काम चोख करते. मात्र मूळ ग्राउंड लूपमध्ये असेल, तर महागडी केबल तो फक्त झाकते. केबल टीव्हीची वायर सेट-टॉप बॉक्समधून काढून बघा. घुंघुं थांबली तर त्या वायरवर आयसोलेटर लावा. प्लगची अर्थिंगची पिन कधीही काढू नका.

वाय-स्प्लिटरचंही असंच आहे. रिसीव्हरला सबचं एकच आउटपुट आणि सबवूफरला एलएफई इनपुट असेल, तर एक केबल पुरते. इनपुट फक्त डावं-उजवं असेल, तर बऱ्याच सबवूफरमध्ये दोन्हींची आत बेरीज होते आणि वायने दोन्ही भरल्यास पातळी सुमारे ६ डेसिबलने वाढते. ती वाढ सबवूफरच्या नॉबनेही मिळते, मग वाय कशाला? कारण कमी आवाजात सबवूफर आपोआप चालू होत नसेल, तर अनेकदा नॉब फिरवून उपयोग होत नाही. सिग्नल ओळखणारं सर्किट बहुधा नॉबच्या आधी असतं. त्याला इनपुटलाच जोर लागतो, आणि तो वाय देतो. वाय लावल्यावर कॅलिब्रेशन पुन्हा करावं, नाहीतर खर्ज अंगावर येतो. एका आउटपुटवर दोन सबवूफर जोडायलाही वाय चालतो: २० किलोओहमचे दोन इनपुट समांतर जोडले, तर १ किलोओहमच्या आउटपुटवर जेमतेम अर्धा डेसिबल घटतो. उलटं मात्र करू नये. दोन आउटपुट वायने एका इनपुटात कोंबले, तर ती एकमेकांवरच भार टाकतात. तिथे मिक्सरच लागतो.