'हॅव लेफ्ट' आणि 'येस्टरडे' शेजारी कसे?

प्रश्न : मी एका वाहतूक कंपनीत आहे आणि परदेशी ग्राहकांना मला इंग्रजीत मेल लिहावे लागतात. परवा मी लिहिलं, 'द ट्रक सीम्स टू लीव्ह द वेअरहाउस येस्टरडे.' साहेबांनी ते बदलून 'सीम्स टू हॅव लेफ्ट द वेअरहाउस येस्टरडे' असं केलं. शाळेत 'हॅज लेफ्ट'च्या वाक्यात 'येस्टरडे' आलं की बाईंची लाल रेघ ठरलेली असायची. मग इथे 'हॅव लेफ्ट'पुढे 'येस्टरडे' कसं चालतं?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : साहेबांची दुरुस्ती बरोबर आहे आणि बाईंची लाल रेघही बरोबर होती. दोन्ही ठिकाणी 'हॅव' दिसतो, पण त्याचं काम वेगळं आहे.

'सीम'च्या वाक्यात दोन काळ असतात. एक आपल्याला वाटण्याचा आणि दुसरा प्रत्यक्ष घटना घडण्याचा. वाटण्याचा काळ 'सीम्स' की 'सीम्ड' यावरून कळतो. तुम्हाला आज, मेल लिहिताना वाटतंय, म्हणून 'सीम्स'. ट्रक मात्र काल निघालाय आणि तो 'काल' दाखवायचं काम 'टू'नंतरच्या क्रियापदावर पडतं. इथेच अडचण येते, कारण या 'टू'नंतर क्रियापद मूळ रूपातच यावं लागतं. त्याला भूतकाळाचं रूप नाही, त्यामुळे 'टू लेफ्ट' असं म्हणता येत नाही. ही उणीव इंग्रजी 'हॅव'ने भरून काढते. 'टू हॅव लेफ्ट'मधला 'हॅव' एवढंच सांगतो की हे वाटण्याच्या आधी घडलं. मग ते काल घडलेलं असो, दहा वर्षांपूर्वी असो किंवा आत्ताच.

तुमचं वाक्य 'इट सीम्स दॅट...' असं उलगडून पाहा. 'इट सीम्स दॅट द ट्रक लेफ्ट येस्टरडे.' आत साधा भूतकाळ निघाला आणि त्याला 'येस्टरडे' बिनदिक्कत चालतं. आता दुसरं वाक्य घ्या : 'इट सीम्स दॅट द ट्रक हॅज ऑलरेडी लेफ्ट.' याचंही आखडलेलं रूप 'सीम्स टू हॅव ऑलरेडी लेफ्ट' असंच होतं. म्हणजे 'लेफ्ट' आणि 'हॅज लेफ्ट' हा बाहेर ठळक असलेला फरक 'टू'नंतर पुसला जातो आणि दोघांना मिळून एकच रूप उरतं. बाईंचा नियम 'ट्रक हॅज लेफ्ट'सारख्या वाक्यांपुरता होता. तिथे 'हॅज' घटनेला आजशी बांधून ठेवतो, म्हणून 'काल' खटकतो. 'टू हॅव'ला स्वतःचा वर्तमानकाळ नसतो, त्यामुळे तिथे भांडण उरत नाही. 'द ट्रक मस्ट हॅव लेफ्ट येस्टरडे' हे वाक्य तुम्ही सहज लिहीत असाल. तिथेही हेच घडतं. 'द ट्रक' एकवचनी असला तरी 'टू हॅज लेफ्ट' होत नाही, त्याचं कारणही हेच : 'टू'नंतर मूळ रूप.

मराठी माणसाला ही रचना परकी वाटू नये. 'ट्रक काल निघालेला दिसतो' असं आपण बोलतोच. 'दिसतो' आजचा, 'निघालेला' कालचा.

मग तुम्ही आधी लिहिलेल्या 'सीम्स टू लीव्ह'चा अर्थ काय होतो? महिनाभराच्या नोंदी चाळून तुमच्या लक्षात आलं की हा ट्रक रोज सहाला सुटतो, तर 'द ट्रक सीम्स टू लीव्ह अ‍ॅट सिक्स एव्हरी मॉर्निंग' अगदी चपखल. अशा कृतीच्या क्रियापदाचं साधं रूप 'सीम्स'नंतर आलं की बहुधा नेहमीची सवय किंवा क्रम कळतो. माल भरून झालाय, इंजिन सुरू आहे, फाटक उघडतंय, असं डोळ्यांसमोर चाललेलं असेल तर 'द ट्रक सीम्स टू बी लीव्हिंग.' 'शी सीम्स टू वर्क हार्ड' म्हणजे ती एकूणच कष्टाळू दिसते. 'शी सीम्स टू बी वर्किंग' म्हणजे आत्ता कामात आहे असं दिसतंय. फक्त 'नो', 'वाँट', 'बिलाँग' अशी स्थिती सांगणारी क्रियापदं सांभाळा. आपल्याकडच्या कार्यालयांत 'ही सीम्स टू बी नोइंग द रूट' असं सर्रास लिहितात, पण प्रमाण इंग्रजीत ते 'ही सीम्स टू नो द रूट' असंच हवं. आपल्या 'त्याला माहीत असावं'मधला 'असावं' मनात घोळत असतो, त्यातून हा 'बी' येत असावा असं मला वाटतं.

खरी कसोटी वाटणंही कालचंच असतं तेव्हा लागते. समजा, काल रात्री तुम्ही ड्रायव्हरला फोन केला. मागे हॉर्न ऐकू येत होते आणि तो तुटक बोलत होता. आज तुम्ही लिहाल, 'व्हेन आय कॉल्ड, ही सीम्ड टू बी ड्रायव्हिंग.' वाटणं आणि गाडी चालवणं, दोन्ही एकाच क्षणी. आता समजा, बऱ्याच रिंगनंतर त्याने फोन उचलला, आवाज घोगरा होता आणि पहिला प्रश्न कळायलाच त्याला वेळ लागला. फोनवर तो जागाच होता, झोप त्याआधीची. म्हणून 'ही सीम्ड टू हॅव बीन स्लीपिंग.' 'हॅव'ने घटना मागे नेली आणि 'बीन स्लीपिंग'ने ती चालू असल्याचं सांगितलं. तिसरी शक्यता अशी की काल त्याने फोन उचललाच नाही आणि आज गाडी रात्रभर धाब्यावर उभी होती हे कळल्यावर तुम्ही अंदाज बांधला. तेव्हा 'ही सीम्स टू हॅव बीन स्लीपिंग व्हेन आय कॉल्ड.' आधीच्या वाक्यातलं 'सीम्ड' इथे 'सीम्स' झालं, कारण हा अंदाज आजचा आहे. ग्राहकाला तक्रारीचं उत्तर देताना हे महत्त्वाचं ठरतं : तुम्हाला ते तेव्हाच लक्षात आलं होतं की नंतर कळलं, हे या एका शब्दावरून समोरच्याला समजतं.

'अपिअर'ला हे सगळं जसंच्या तसं लागू आहे. तो जरा औपचारिक आहे, त्यामुळे ग्राहकाच्या मेलमध्ये शोभतो.

'हॅपन' रचनेत यांचा भाऊबंद, पण तो अंदाज सांगत नाही, योगायोग सांगतो. 'आय हॅपन्ड टू बी स्टँडिंग अ‍ॅट द गेट' म्हणजे मी नेमका फाटकाशी उभा होतो. इथे शंकेला जागा नाही, मी खरोखरच उभा होतो. 'हॅव' आला की यातही योगायोगाची जागा सरकते. 'आय हॅपन्ड टू सी द बिल' म्हणजे बिल सहज नजरेस पडलं, पाहणंच योगायोगाने झालं. 'आय हॅपन टू हॅव सीन द बिल' हे तुम्ही बैठकीत म्हणाल, बिलावरून वाद चालू असताना. ते तुम्ही मुद्दाम मागवून, ओळ न ओळ तपासलेलं असू शकतं. योगायोग एवढाच की या वादाच्या वेळी ते पाहिलेला माणूस नेमका तिथे हजर आहे.